घरून कामाची नोटीस: पात्र कोण आणि ठरवणार कोण?

पुण्यात बाणेरला १४० माणसांची एक कंपनी आहे. यंत्रांचे भाग डिझाइन करणं आणि स्वतःच्या लॅबमध्ये त्यांची चाचणी घेणं हे तिचं काम. तिथे मी एचआर विभागात होते, तेव्हा १५ जुलै २०२४ रोजी घरून कामाची ही नोटीस निघाली:

“सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, पात्र कर्मचाऱ्यांना कामाच्या स्वरूपानुसार आठवड्यातून साधारणतः दोन दिवस घरून काम करण्याची मुभा देण्यात येत आहे. प्रोबेशन पूर्ण केलेल्या व समाधानकारक कामगिरी असलेल्या कर्मचाऱ्यांचा विचार करण्यात येईल. यासाठी संबंधित मॅनेजरची पूर्वपरवानगी आवश्यक राहील. अपवादात्मक परिस्थितीत व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.”

वाचताना यात काही खटकत नाही. अशा नोटिसा आपण सगळेच वाचत आलो आहोत. पण आठवडाभरात तीन जण माझ्या टेबलापाशी आले आणि तिघांनाही मला ठाम उत्तर देता आलं नाही.

पहिला लॅबमधला टेस्ट टेक्निशियन. त्याचा निम्मा वेळ यंत्रावर जातो आणि निम्मा रिपोर्ट लिहिण्यात. त्याच्या ‘कामाचं स्वरूप’ घरून करण्यासारखं आहे की नाही? दुसरी डिझाइन इंजिनिअर. तिला मॅनेजर दोन, एक प्रोजेक्टचा आणि एक विभागाचा. प्रोजेक्टवाल्याने हो म्हटलं, विभागवाल्याने नाही. यातला ‘संबंधित’ कोणता? तिसरा २ जानेवारीला रुजू झालेला. सहा महिन्यांचं प्रोबेशन १ जुलैला संपलं, पण कायम केल्याचं पत्र अजून सहीसाठी पडून होतं. त्याचं प्रोबेशन ‘पूर्ण’ झालं का?

हे तिघं भांडायला आलेले नव्हते. त्यांनी नोटीस नीट वाचली होती, आणि उत्तर नोटिशीतच नव्हतं. पुढे ती नोटीस मागे घेऊन आम्ही नवी लिहिली. ती कशी लिहिली, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी कर्ता शोधा

जुन्या नोटिशीतली चारही वाक्यं पुन्हा पाहा. ‘कळविण्यात येते’, ‘देण्यात येत आहे’, ‘विचार करण्यात येईल’, ‘आवश्यक राहील’, ‘अंतिम राहील’. कोण कळवतं, कोण देतं, कोण विचार करतं? एकाही क्रियापदाला करणारा माणूस नाही. कार्यालयीन मराठीला ही सवय इतकी जडली आहे की लिहिताना ती जाणवतही नाही. कर्मणी रचनेत कर्ता गाळता येतो आणि वाक्य व्याकरणाने शुद्धच राहतं. पण नोटिशीतून कर्ता गळला की निर्णयाचा मालकच उरत नाही.

म्हणून पहिलं काम पेन्सिलीचं. प्रत्येक क्रियापदाखाली त्याचा कर्ता लिहायचा आणि तो पदनामानेच लिहायचा. ‘व्यवस्थापन’ हे कुणाचंही पद नाही. ‘संबंधित’, ‘सक्षम’ आणि ‘योग्य’ अधिकारी हीसुद्धा पदं नव्हेत. ‘विचार करण्यात येईल’ याखाली पदनाम लिहायला गेलं, की खरा प्रश्न समोर येतो: हे कुणी ठरवायचं, हे आपण आपसात ठरवलेलंच नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. वाक्यं गुळगुळीत होती, कारण निर्णयच झालेला नव्हता.

पात्रता वेगळी, परवानगी वेगळी

जुन्या नोटिशीत दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. या कर्मचाऱ्याला घरून काम मागता येतं का, हा पहिला. मागितल्यावर द्यायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नोंदी पाहून मिळायला हवं, त्यात कुणाच्या मताला जागा नको. दुसऱ्यात विवेक लागतो, म्हणून तिथे निर्णय घेणारं माणूस लागतं.

ही फोड अमेरिकेच्या केंद्र सरकारने थेट कायद्यात केली आहे. तिथल्या २०१० च्या टेलिवर्क कायद्याने प्रत्येक सरकारी यंत्रणेला १८० दिवसांच्या आत धोरण आखायला, कोण पात्र आहे हे ठरवायला आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याची पात्रता कळवायला सांगितलं. प्रत्यक्ष घरून काम सुरू करण्याआधी मात्र कर्मचारी आणि त्याचा मॅनेजर यांच्यात वेगळा लेखी करार व्हावा लागतो. म्हणजे पात्र असणं आणि परवानगी मिळणं या दोन पायऱ्या आहेत. अपात्रतेची एक अटही पाहण्यासारखी आहे: एका कॅलेंडर वर्षात पाच दिवसांहून अधिक विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल ज्याच्यावर रीतसर शिस्तभंगाची कारवाई झाली, तो अपात्र. इथे ‘बेजबाबदार कर्मचारी’ असा शब्द नाही. मोजता येणारे दिवस आहेत आणि कागदावर झालेली कारवाई आहे.

आम्ही हीच फोड उचलली. पात्रता एचआर अधिकारी तपासणार, परवानगी मॅनेजर देणार. एचआरने परवानगीत पडायचं नाही आणि मॅनेजरने पात्रतेत.

पात्रता: नोंदीतून सापडेल तेवढीच

‘कामाच्या स्वरूपानुसार’ हे शब्द आम्ही काढले, तेव्हा त्यांच्या जागी काय ठेवायचं हा प्रश्न आला. उत्तर सोपं निघालं. माणसं १४० असली तरी पदं २३च होती. आम्ही २३ ओळींचं जोडपत्र केलं आणि प्रत्येक पदापुढे आठवड्याला घरून कामाचे जास्तीत जास्त दिवस लिहिले: ०, १ किंवा २. आठ पदांपुढे शून्य आलं, तीन पदांपुढे एक आणि बारा पदांपुढे दोन.

हो किंवा नाही असं न लिहिता आकडा लिहिल्यामुळे टेक्निशियनचा प्रश्नही सुटला. त्याच्या पदापुढे १ आला, कारण रिपोर्ट लिहिण्याचं काम एका दिवसात एकत्र बांधता येतं, हे लॅबप्रमुखांशी बसून आम्ही पाहिलं होतं. ‘साधारणतः’ हा शब्दही आकड्याने आपोआप घालवला.

‘प्रोबेशन पूर्ण’ ही दुसरी अट. इथे पत्राची तारीख धरायची नाही. पत्राला होणारा उशीर कंपनीचा असतो, त्याचा भुर्दंड कर्मचाऱ्याला बसतो. रुजू झाल्याची तारीख नियुक्तीपत्रावर असते आणि ती बदलत नाही. त्या तारखेपासून सहा कॅलेंडर महिने पूर्ण झाले की अट पूर्ण. ज्याचं प्रोबेशन लेखी वाढवलं आहे, त्याच्यासाठी वाढीव मुदत संपण्याची तारीख. आणि हे सगळं कोणत्या दिवशी मोजायचं? अर्जाच्या दिवशी. मोजण्याचा दिवस लिहिला नाही, तर कुणी नोटिशीचा दिवस धरतं आणि कुणी निर्णयाचा.

‘समाधानकारक कामगिरी’ने सगळ्यात जास्त वेळ घेतला. आधी वाटलं, वार्षिक मूल्यमापनात पाचपैकी तीन गुण लावावेत. पण नुकतेच सहा महिने पूर्ण केलेल्या माणसाचं मूल्यमापन झालेलंच नसतं. मग तो पात्र की अपात्र? म्हणून अट उलटी केली. ज्याच्यावर लेखी कामगिरी-सुधार मुदत चालू आहे, तो ती संपेपर्यंत पात्र नाही. बाकी सगळे या अटीपुरते पात्र. तपासायची यादी छोटी झाली, आणि ज्याचं नाव त्या यादीत आहे त्याला ते आधीच लेखी माहीत असतं.

तीन अटी झाल्या की त्यांना जोडणारा शब्द पाहा. ‘प्रोबेशन पूर्ण केलेल्या व समाधानकारक कामगिरी असलेल्या’ यात ‘व’ आहे खरा, पण तो दोन अटी एकाच माणसाला लावतो की दोन प्रकारच्या माणसांना सामावून घेतो? दोन्ही वाचन शक्य आहे. ‘पुढील तिन्ही अटी पूर्ण करणारा’ असं लिहिलं की शंका राहत नाही. तसंच ‘इत्यादी’ आणि ‘वगैरे’ हे शब्द यादीच्या शेवटी येऊच द्यायचे नाहीत, कारण तिथे यादी संपत नाही.

परवानगी: एक माणूस, एक मुदत, मोजकी कारणं

आता दुसरा प्रश्न. ठरवणारं पद एकच हवं. डिझाइन इंजिनिअरला दोन मॅनेजर होते, म्हणून आम्ही लिहिलं: अर्जाच्या दिवशी एचआर प्रणालीत ज्यांचं नाव रिपोर्टिंग मॅनेजर म्हणून आहे, ते ठरवतील. प्रोजेक्ट मॅनेजरचं मत त्यांनी जरूर घ्यावं, पण सही त्यांची.

पद ठरलं तरी तीन फटी उरतात. मॅनेजर रजेवर असले तर काय? त्यांनी उत्तरच दिलं नाही तर काय? आणि नाही म्हटलं तर दाद कुणाकडे? यातली मधली फट सगळ्यात धोक्याची. बहुतेक अर्ज नामंजूर होत नाहीत, ते नुसते पडून राहतात. म्हणून गप्प राहण्याचा अर्थ नोटिशीनेच सांगावा लागतो. गप्प राहणं म्हणजे नकार, असंही लिहिता येतं आणि तेही स्पष्टच आहे. पण मग न ठरवणं हीच सगळ्यात सोपी वाट होते. आम्ही उलट लिहिलं. पाच कामाच्या दिवसांत मॅनेजरचं उत्तर नाही, तर अर्ज विभागप्रमुखांकडे जातो. त्यांनीही तीन कामाच्या दिवसांत ठरवलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं.

नकाराची कारणंही मोजून ठेवली. ब्रिटनमधल्या लवचिक कामाच्या कायद्यात ही पद्धत आहे. ६ एप्रिल २०२४ पासून तिथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो, दाद धरून दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि नकार कायद्यात दिलेल्या आठ व्यावसायिक कारणांपैकीच एखाद्यासाठी देता येतो. आम्हाला आठ लागली नाहीत. त्या वारी ऑफिसमधल्या यंत्रावर किंवा साहित्यावर काम आहे. त्या वारी टीममधले निम्म्याहून अधिक जण आधीच घरून काम करणार आहेत. ग्राहकाशी झालेल्या लेखी करारात ऑफिसमधूनच काम करायची अट आहे. एवढीच तीन. ‘इतर कारणे’ ही चौथी ओळ मसुद्यात आली होती, ती खोडली. तिने बाकीच्या तिन्हींना अर्थच उरला नसता.

दिलेली परवानगी काढून घेणं हाही निर्णयच असतो. पुष्कळ नोटिसा द्यायचं कसं ते सांगतात आणि काढायचं कसं ते विसरतात. मग गुरुवारी रात्री मेसेज येतो, ‘उद्यापासून ऑफिसला या’. काढून घेण्यालाही तेच पद, तीच कारणं आणि आगाऊ लेखी सूचना लागते.

कायद्याने ठरलेला भाग

काही अर्ज नोटिशीच्या चौकटीत बसत नाहीत, कारण त्यांच्या मागे कायदा उभा असतो. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार २०२४ साली, आमच्या नोटिशीच्या वेळी, काम घरून करण्यासारखं असेल तर प्रसूती रजा संपल्यावर मालक आणि कर्मचारी आपसात ठरवतील त्या अटींवर, तेवढ्या काळापुरतं घरून काम देता येत होतं. तिथे ‘आठवड्याला दोन दिवस’ ही मर्यादा लावून अर्ज परत करणं चूक ठरलं असतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातली वाजवी सोयीची कल्पनाही अशीच, व्यक्तीगणिक पाहायची. असे अर्ज थेट एचआर प्रमुखांकडे जातील, असं आम्ही वेगळ्या कलमात लिहिलं.

आमची कंपनी विशेष आर्थिक क्षेत्रात नव्हती. तुमची हिंजवडीसारख्या ठिकाणच्या अशा क्षेत्रात असेल, तर तिथल्या युनिटसाठी विशेष आर्थिक क्षेत्र नियम २००६ मध्ये जुलै २०२२ ला घातलेला नियम ४३ ए पाहावा लागतो. त्या नियमात नंतर बदल झाले आहेत, त्यामुळे जुन्या नोटिशीवरून उतरवून न घेता त्या दिवशी लागू असलेला मजकूरच वाचावा.

दहा नावांची चाचणी

मसुदा तयार झाला की लगेच सही घ्यायची नाही. पगारपटावरून दहा खरी नावं काढायची, आणि तीही कडेची: नुकताच रुजू झालेला, नुकती बदली झालेली, लांब रजेवरून परतलेली, दोन मॅनेजरांखाली असलेला. मग मसुदा तिघांना द्यायचा. एक एचआरमधला, एक मॅनेजर आणि मसुदा लिहिण्यात ज्याचा हात नव्हता असा एक कर्मचारी. तिघांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: पात्र आहे का, किती दिवस, ठरवणार कोण.

आमच्या चाचणीत आठ नावांवर तिघांचं एकमत झालं, दोन नावांवर झालं नाही. एकीने सहा महिन्यांतले काही आठवडे रजेत घालवले होते. कुणी ते आठवडे मोजले, कुणी वगळले. दुसरा त्याच महिन्यात लॅबमधून डिझाइनला गेलेला. कुणी जुनं पद धरलं, कुणी नवं. एरवी असा फरक दिसला की माणसांना समजावून सांगायचा मोह होतो. तो टाळायचा. फरक वाचणाऱ्याचा नसतो, वाक्याचा असतो. आम्ही दोन वाक्यं वाढवली आणि पुन्हा चाचणी घेतली.

शेवटी निघालेली सूचना

“१. ही सूचना कंपनीच्या स्वतःच्या पगारपटावरील कर्मचाऱ्यांना लागू आहे. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांना व ॲप्रेंटिसना लागू नाही.

२. अर्जाच्या दिवशी पुढील तिन्ही अटी पूर्ण करणारा कर्मचारी पात्र आहे. (अ) एचआर प्रणालीत त्या दिवशी असलेल्या त्याच्या पदापुढे जोडपत्रात १ किंवा २ हा आकडा आहे. (आ) रुजू झाल्यापासून त्याचे सहा कॅलेंडर महिने पूर्ण झाले आहेत. रजेचे दिवसही यात मोजावेत. प्रोबेशन लेखी वाढवले असल्यास ती मुदत संपली आहे. (इ) त्याच्यावर लेखी कामगिरी-सुधार मुदत चालू नाही.

३. एचआर अधिकारी पात्रता तपासतील, दोन कामाच्या दिवसांत अर्जदाराला लेखी कळवतील व पात्र अर्जदाराचा अर्ज त्याच दिवशी रिपोर्टिंग मॅनेजरकडे पाठवतील.

४. अर्जाच्या दिवशी एचआर प्रणालीत नोंद असलेले रिपोर्टिंग मॅनेजर अर्ज मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत परवानगी देतील किंवा नाकारतील. त्यांनी न ठरवल्यास, अथवा ते रजेवर असल्यास, विभागप्रमुख पुढील तीन कामाच्या दिवसांत ठरवतील. त्यांनीही न ठरवल्यास परवानगी मिळाली असे समजावे.

५. परवानगी ठरलेल्या वारांसाठी व तीन महिन्यांसाठी असते. आठवडा सोमवार ते शनिवार. न वापरलेला दिवस पुढच्या आठवड्यात मिळत नाही. घर म्हणजे कर्मचाऱ्याने एचआरकडे नोंदवलेला भारतातील पत्ता.

६. नकार फक्त पुढील कारणांसाठी व लेखी देता येतो. (अ) त्या वारी ऑफिसमधील यंत्र वा साहित्यावर काम आहे. (आ) त्या वारी टीममधील निम्म्याहून अधिक जणांना आधीच परवानगी आहे. (इ) ग्राहकाशी झालेल्या लेखी करारात तशी अट आहे. याच कारणांसाठी रिपोर्टिंग मॅनेजर पाच कामाच्या दिवसांची लेखी सूचना देऊन परवानगी काढून घेऊ शकतात.

७. अपात्र ठरल्यास, परवानगी नाकारल्यास किंवा काढून घेतल्यास कर्मचारी सात दिवसांत एचआर प्रमुखांकडे दाद मागू शकतो. ते सात कामाच्या दिवसांत लेखी निर्णय देतील. तो कंपनीतील अंतिम निर्णय असेल.

८. प्रसूती रजेनंतरचे व दिव्यांगत्वामुळे केलेले अर्ज कलम २ ते ६ च्या मर्यादांशिवाय एचआर प्रमुख ठरवतील. अन्य कोणताही अपवाद फक्त व्यवस्थापकीय संचालक, कर्मचाऱ्याचे नाव व अंतिम तारीख लिहून, करू शकतात.

९. मराठी व इंग्रजी मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर धरावा.”

पहिल्या नोटिशीपेक्षा ही कितीतरी लांब आहे. लांबीबद्दल आमच्याकडे कुरकुर झाली. पण पहिलीतल्या चार वाक्यांनी जे लिहायचं टाळलं होतं, तेच इथे लिहिलं आहे. तेव्हा ते लिहिलं नव्हतं, म्हणून तोंडी आणि माणूस पाहून सांगावं लागत होतं.

टेबलापाशी आलेल्या तिघांना आता उत्तरं मिळाली. टेक्निशियन पात्र, आठवड्याला एक दिवस. डिझाइन इंजिनिअरचा अर्ज प्रणालीत नोंद असलेल्या विभागाच्या मॅनेजरांकडे गेला. त्यांनी लेखी नाही म्हटलं, कारण मागितलेल्या मंगळवारी निम्म्याहून अधिक टीम आधीच घरी होती. तिने गुरुवार मागितला आणि तो मिळाला. तिसऱ्याचे सहा महिने १ जुलैलाच पूर्ण झालेले, त्यामुळे तो पात्र ठरला. त्याचं कायम केल्याचं पत्र ९ ऑगस्टला निघालं, पण तोवर त्याची कुणी वाट पाहत नव्हतं.

तुमच्या ऑफिसात अशी नोटीस फळ्यावर असेल, तर ती उतरवून घ्या आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने पदनाम लिहा. जिथे पेन्सिल अडेल, ते वाक्य पुन्हा लिहायचं आहे.